रिकाम्या कपाटाची पाटी

संग्रहालयातली वस्तू चोरीला गेली की लोक हळहळतात, अशी चावीकाकूंची बरीच वर्षं समजूत होती. ती खोटी ठरली. हस्तिदंती फणी जागेवर होती तोवर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. कुण्या जुन्या राणीने या फणीने केस विंचरले असतील, असं पाटीवर लिहिलेलं होतं. त्या ‘असतील’मुळेच की काय, माणसं पुढच्या तलवारींकडे सरकायची. फणी गेली आणि त्याच कपाटापुढे गर्दी होऊ लागली. काचेआड मखमलीचा तुकडा, त्यावर फणीच्या आकाराचा गडद डाग, आणि खाली पितळी टाचण्यांनी लावलेली नवी पाटी: ‘हस्तिदंती फणी. चोरीस गेली. प्रकरण न्यायप्रविष्ट.’

पाटी संचालकसाहेबांनी स्वतः मजकूर सांगून करवून घेतली होती. साहेबांचं म्हणणं, संग्रहालयात जे आहे त्याची पाटी हवी, तशी जे नाही त्याचीही हवी.

त्या पाटीपुढे संग्रहालयाचा गाईड आलेल्या मंडळींना थांबवायचा. हातातली काठी आधी काचेवर टेकवायचा, मग हळूच वळवून दालनाच्या टोकाशी असलेल्या टेबलाकडे न्यायचा. तिथे लोकांच्या पिशव्या आणि छत्र्या घेऊन बिल्ले द्यायला चावीकाकू बसलेल्या असायच्या.

“कपाट फुटलेलं नाही. कुलूप तुटलेलं नाही. किल्ली कुणाकडे होती, ते मी सांगत नाही,” तो म्हणायचा. “प्रकरण कोर्टात आहे. आपण आपलं समजून घ्यायचं.”

लोक समजून घ्यायचे. परत जाताना बिल्ला देऊन पिशवी घ्यायचे आणि काकूंच्या समोरच ती उघडून आतलं सगळं जागेवर आहे ना, ते बघायचे.

काकूंना चावीकाकू हे नाव उगाच पडलं नव्हतं. सगळ्या दालनांच्या, सगळ्या कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असे. रोज सकाळी आल्यावर त्या आधी हात धुवत, मग एकेक किल्ली कोरड्या फडक्याने पुसत आणि मगच पहिलं दार उघडत. कपाटं आठवड्यातून एकदा उघडून आतली धूळ मऊ कुंच्याने झाडायची, हा त्यांचा नेम. देवघर झाडावं तसं. फणीचं कपाट उघडून ती जागेवर नाही हे पहिल्यांदा पाहिलं तेही त्यांनीच, आणि साहेबांना धावत जाऊन सांगितलं तेही त्यांनीच. घरचे नंतर म्हणाले, तू सांगितलंसच कशाला, दुसऱ्या कुणाला तरी सापडू द्यायचं होतं. पण नेम धरणाऱ्या माणसाला हे सुचत नाही.

फणीच्या कपाटाला किल्ल्या दोन होत्या. एक काकूंच्या जुडग्यात, दुसरी साहेबांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. म्हणून पोलिसांनी आरोपपत्रात दोघांचीही नावं घातली: साहेब पहिले आरोपी, काकू दुसऱ्या. कचेरीच्या हजेरीपटावर जसा क्रम, तसाच तिथेही.

खटला उभा राहण्याआधीच साहेबांच्या वकिलाने अर्ज केला. आरोपपत्र उलटून पालटून पाहा, म्हणाला, ड्रॉवरमध्ये किल्ली असते, एवढ्या एका वाक्याशिवाय माझ्या अशिलाविरुद्ध यात काही नाही; आरोप ठेवण्याइतकाही मजकूर नाही. कोर्टाने पाहिलं, खरंच नव्हता. साहेबांना डिस्चार्ज मिळाला. आरोपच ठेवला गेला नाही, तर खटला कशाचा चालणार? काकूंविरुद्ध मात्र गाईडचा जबाब होता. काकू कपाट लावून वळल्या तेव्हा कमरेच्या पिशवीत काहीतरी पांढरं घालताना त्याने पाहिलं होतं. त्यांच्यावर आरोप ठेवला गेला आणि खटला चालला.

साहेबांनी डिस्चार्जचा आदेश चौकटीत बसवला. खुर्चीमागच्या भिंतीवर, जिथे संग्रहालयाला मिळालेलं मानपत्र होतं, ते उतरवून तिथे हा टांगला. वर एक छोटा दिवाही लावला, तैलचित्रांना लावतात तसा.

“मला कोर्टाने दारातूनच परत पाठवलं,” ते येणाऱ्या पाहुण्यांना सांगत. “आत यायचीसुद्धा गरज नाही म्हणाले. खटला चालून सुटणं वेगळं. चिखलात उतरून बाहेर आलेला माणूसही बाहेरच असतो, पण त्याचे पाय बघा.”

पाहुणे हसायचे. बाहेर छत्र्यांच्या टेबलापर्यंत ते हसू ऐकू यायचं.

खटल्यात गाईडची उलटतपासणी झाली, तेव्हा वकीलबाईंनी त्याला फार काही विचारलं नव्हतं. या वकीलबाई म्हणजे काकूंच्या बाजूच्या. साधारण चाळिशीच्या, बोलायला कोरड्या. विचार करायचा असला की चष्मा काढून गाऊनच्या टोकाने पुसत बसायच्या.

“पांढरं म्हणजे काय होतं?” त्यांनी विचारलं.

“पांढरं होतं.”

“चष्म्याचं घर असू शकतं?”

गाईडने साहेबांना शोधत बाकांकडे पाहिलं. साहेब त्या दिवशी कोर्टात नव्हते, म्हणून मग छताकडे पाहिलं.

“असू शकतं,” तो म्हणाला. “स्पष्ट दिसलं नाही.”

साहेबांच्या शिपायानेही शपथेवर सांगितलं की साहेबांच्या ड्रॉवरला कुलूप नसतं. त्यात साहेबांचा चहाचा मसाला असतो आणि तो कुणीही घेतो. कोर्टाने निकाल दिला: कपाटाची किल्ली फक्त आरोपीच्याच ताब्यात होती हे सरकार पक्षाला सिद्ध करता आलेलं नाही. संशयाचा फायदा देऊन काकूंची निर्दोष मुक्तता झाली.

कोर्टात ज्याला चष्म्याचं घर स्पष्ट दिसलं नव्हतं, त्याच गाईडला संग्रहालयात परतल्यावर दिव्यदृष्टी आली. आता तो सांगायचा की वस्तू हस्तिदंतीच होती आणि दाते बाहेर डोकावत होते.

मुक्तता झाली, तरी एक गोष्ट काकूंच्या नवऱ्याच्या गळी कधीच उतरली नाही. निकाल द्यायच्या आधीच कोर्टाने काकूंकडून जातमुचलका आणि जामीनदार घेतला होता: सरकार वर अपिलात गेलं, तर बोलावल्यावर तुम्ही हजर व्हाल म्हणून. जामीनदार म्हणून नवऱ्याचा धाकटा भाऊ उभा राहिला होता.

“सुटायच्या आधीच पुन्हा अडकायची सोय,” नवरा म्हणाला. “हे म्हणजे जेवायला बसवतानाच आंचवायला पाणी.”

आणि सरकार अपिलात गेलंच. फणी जुनी होती, वर्तमानपत्रात फोटो येऊन गेला होता, कुणालातरी काहीतरी केल्यासारखं दाखवायचं होतं. निकालाविरुद्ध अपील करायला आधी वरच्या कोर्टाची परवानगी लागते. ती मिळाली, आणि काकूंच्या घरी नोटीस आली.

निर्दोष सुटल्यामुळे नोकरीवर परत घेणं भाग होतं, म्हणून साहेबांनी काकूंना घेतलं होतं. पण जुडगा दिला नाही. छत्र्या दिल्या. नोटीस आली त्या दिवशी काकू नोटीस घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेल्या.

“साहेब, मी सुटलेय,” त्या म्हणाल्या. “जुडगा माझ्याकडे यायला हवा.”

“चावीकाकू, तुम्ही निर्दोष आहात यात माझ्या मनात तरी शंका नाही,” साहेब म्हणाले. दिव्याचा उजेड त्यांच्या टकलावर पडला होता. “पण अपील आहे. अपील आहे तोवर तुमचा निर्दोषपणा कसा आहे सांगू? वर जमा आहे. मुद्देमाल जमा असतो तसा. तो परत मिळाला की बघू.”

“आणि तुमचा?”

“माझा इथे आहे,” साहेब म्हणाले आणि मागे न बघता अंगठ्याने चौकट दाखवली. चौकट त्या जागेपासून थोडी सरकली होती, त्यामुळे अंगठा भिंतीकडे गेला.

काकूंनी वकीलबाईंना ते जसंच्या तसं सांगितलं. वकीलबाईंनी चष्मा काढला.

“तुमचा निर्दोषपणा कुठेही जमा नाही,” त्या म्हणाल्या. “तो तुमच्याकडे आहे, आणि आता दुप्पट आहे. खटला सुरू झाला तेव्हा कायदा तुम्हाला निर्दोष धरून चालला होता, सगळ्यांना धरतो तसा. नंतर एका कोर्टाने साक्षीपुरावे बघून सांगितलं की हो, हे गृहीत मोडलेलं नाही. अपील लागलं म्हणून ते खाली येत नाही, उलट घट्ट होतं. वरच्या कोर्टाला पुन्हा सगळे कागद वाचता येतात, पण त्यांना तुमच्याकडे सुटलेली बाई म्हणूनच बघावं लागतं.”

“मग दुप्पट निर्दोष माणसाला छत्र्या सांभाळायला का लावतात?”

“ते कायद्यात नाही. ते साहेबांच्या स्वभावात आहे.”

“आणि वरच्यांना नाही पटलं तर?”

वकीलबाईंनी चष्मा पुसणं थांबवलं नाही. “तर शिक्षा होऊ शकते,” त्या म्हणाल्या. “खोटं सांगत नाही. तुरुंगही. त्यासाठीच मी तिथे उभी राहणार आहे.”

हे ‘तुरुंगही’ काकू घरी घेऊन गेल्या. देवाजवळ दिवा लावताना वाती दोनदा चुकल्या. रोजचा जप मात्र चुकू दिला नाही. फक्त मध्येच थांबून त्यांनी मनात म्हटलं, तुला सगळं माहीतच आहे, तुझ्यापुढे अपील चालत नाही, पण तिकडे तुझी साक्ष घेत नाहीत.

तेवढ्यात नणंद आली. ती जवळच राहायची आणि काही घडलं की ते तिला वासाने कळायचं. सोफ्यावर बसताना तिने पर्स शेजारी ठेवली. मग काकू चहा घेऊन जवळ आल्या तशी उचलून मांडीवर घेतली.

“वहिनी, तू सुटलीस ना? मग परत काय हे?”

“सरकारला पटलं नाही.”

“नाही, मी म्हणते, कोर्ट म्हणालं ना तुला संशयाचा फायदा दिला म्हणून. म्हणजे संशय होताच की थोडा. काही नसतं तर साहेबांसारखं आधीच सोडलं असतं.”

“ताई,” काकू शांतपणे म्हणाल्या, “फायदा मला दिला म्हणतेस. मग संशय कुणाकडे राहिला?”

नणंदेला प्रश्न कळायला चहाचे दोन घोट लागले. मग तिने पर्सची चेन लावली.

“मी आपलं प्रेमाने म्हणते,” ती म्हणाली. “बाहेर लोक काय काय बोलतात. मी त्यांना सांगते, आमची वहिनी तशी नाही. आणि असली तरी आमचीच आहे.”

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हे ऐकत होता. “तुझं प्रेम आम्हाला अपिलापेक्षा महाग पडतंय,” तो म्हणाला आणि बहिणीला जिन्यापर्यंत पोचवून आला.

सुनावणीच्या दिवशी वरच्या कोर्टात साक्षीदार कुणीच नव्हते. काकूंना वाटलं होतं की गाईडला पुन्हा बोलावतील, शिपायाला बोलावतील. वकीलबाई म्हणाल्या, इथे नवं नाटक नसतं. खालचं नाटक कागदावर उतरवलेलं असतं, ते हे वाचतात. साहेब मात्र आले होते. कुणी बोलावलं नव्हतं. संग्रहालयाच्या हितासाठी, असं ते दारात भेटेल त्याला सांगत होते, आणि चांगला कोट घालून, मुद्दाम पहिल्या बाकावर, बसले होते. काकू दुसऱ्या बाकावर, नवऱ्याशेजारी.

न्यायाधीश वयस्कर होते आणि त्यांना सर्दी झाली होती. मधूनमधून रुमाल नाकाला लावत ते कागद वाचत, आणि वाचताना कोण काय बोलतंय हे ऐकत नाहीत असं वाटायचं. तसं नव्हतं.

सरकारी वकील उभे राहिले. आवाज उत्तम होता.

“माय लॉर्ड, फणी आपण होऊन चालत गेली नाही. कपाट फोडलेलं नाही. किल्ल्या दोनच. एक संचालकांकडे, एक या बाईंकडे. संचालकांना कोर्टाने डिस्चार्ज दिला, ते बाजूला झाले. मग राहिलं कोण?”

साहेबांनी पहिल्या बाकावर मान डोलावली.

“वजाबाकी करून शिक्षा देता येते का?” न्यायाधीशांनी विचारलं. मान वर केली नव्हती. “संचालकांना का सोडलं, तो आदेश वाचा.”

सरकारी वकिलांनी वाचला. संग्रहालयाच्या भिंतीवर जो दिव्याखाली होता, तोच. चौकटीबाहेर तो फार लहान निघाला. आरोपपत्रात पहिल्या आरोपीविरुद्ध किल्ली ड्रॉवरमध्ये असते याखेरीज काही नाही. सबब आरोप ठेवण्यास आधार नाही.

“काही नाही,” न्यायाधीश म्हणाले. “का नाही? तो ड्रॉवर पोलिसांनी पाहिला का? ती दुसरी किल्ली जप्त केली का?”

सरकारी वकिलांनी कागद पुढे उलटले, मग मागे उलटले. मागे बसलेल्या सहायकाने खाली वाकून आणखी काही उलटले.

“तशी नोंद दिसत नाही, माय लॉर्ड.”

“ड्रॉवरला कुलूप?”

“शिपायाच्या साक्षीत... नसतं असं आलं आहे. मसाल्याच्या संदर्भात.”

“मसाल्याच्या संदर्भात,” न्यायाधीशांनी रुमालात म्हटलं. मग कागद खाली ठेवले. “मग तुम्ही त्या डिस्चार्जवर एवढं वजन का टाकता? संचालकांनी फणी नेली नाही असा कुठल्या कोर्टाने निकाल दिलेला नाही. त्या दिवशी कागदावर त्यांच्याविरुद्ध काही नव्हतं, एवढंच. उद्या काही नवं सापडलं तर त्यांच्यावर नव्याने कारवाई व्हायला हा आदेश आड येत नाही. या बाईंचं तसं नाही. त्यांचा खटला चालला, साक्षीदार आले, उलटतपासणी झाली, निकाल लागला. त्यांना पुन्हा त्याच आरोपासाठी उभं करायचं तर हे अपील सोडून तुमच्याकडे रस्ता नाही.”

पहिल्या बाकावर कोटाची कॉलर एकदम सैल झाल्यासारखी दिसली. साहेबांनी मागे वळून पाहिलं. काकूंकडे नाही, दाराकडे.

काकूंनी ते पाहिलं. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून त्यांनी मनातल्या मनात कानाला हात लावला.

“तरीही, माय लॉर्ड,” सरकारी वकील म्हणाले, “त्याच पुराव्यावरून दुसरा निष्कर्ष निघू शकतो. बाई रोज किल्ली वापरत होत्या. गाईडने काहीतरी पांढरं पाहिलं.”

“निघू शकतो,” न्यायाधीश म्हणाले. “मी खालच्या जागी बसलो असतो तर कदाचित मीही तोच काढला असता.”

काकूंच्या नवऱ्याने त्यांचा हात धरला. कोर्टातल्या पंख्याचा आवाज तेवढ्यात वाढल्यासारखा वाटला.

“पण मला काय वाटलं असतं हा प्रश्नच नाही,” न्यायाधीश पुढे म्हणाले. “एकाच पुराव्यावरून दोन मतं निघत असतील, आणि खालच्या कोर्टाने आरोपीच्या बाजूचं घेतलं असेल, तर माझं मत वेगळं आहे म्हणून मी ते मोडायचं नाही. तुम्ही हे दाखवा की तो निकाल कुठल्याही शहाण्या माणसाला देता येण्यासारखाच नव्हता. एखादा महत्त्वाचा पुरावा वगळलाय, चुकीचा वाचलाय, कायदा चुकलाय. आहे काही?”

सरकारी वकिलांचा आवाज अजूनही उत्तम होता, पण त्यात आता शब्द कमी होते. गाईडच्या साक्षीवर कोर्टाने जास्त विश्वास ठेवायला हवा होता, असं ते म्हणाले. न्यायाधीशांनी साक्षीचं पान काढून एक ओळ वाचून दाखवली: स्पष्ट दिसलं नाही. मग वकीलबाईंकडे पाहिलं.

“तुम्हाला काही सांगायचंय?”

“तुम्ही सांगितलंत त्यात भर घालून मी ते बिघडवणार नाही,” वकीलबाई म्हणाल्या आणि बसल्या.

निकाल तिथेच, बसल्या जागी, सांगून लिहवून घेतला गेला. अपील फेटाळलं. निर्दोष मुक्ततेचा निकाल कायम. जातमुचलका रद्द.

बाहेरच्या जिन्यावर काकू थांबल्या. नवरा भावाला फोन लावत होता, तुझी सुटका झाली म्हणून.

“त्यांनाही वाटलं,” काकू वकीलबाईंना म्हणाल्या. “मी नेली असेन असं.”

“वाटलं असेल.”

“मग मी जिंकले कशी?”

“त्यांना वाटलं तरी ते तुम्हाला शिक्षा देऊ शकले नाहीत, म्हणून.” वकीलबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “सगळ्यांना तुमची खात्री वाटली असती तर कायद्याची गरज काय होती? लोकांना वाटतंय त्यावर तुरुंग भरायचे असते तर तुमच्या नणंदेला न्यायाधीश केलं असतं. आणि सरकारला अजून एक पायरी आहे, सगळ्यात वरची. चढतील असं वाटत नाही. त्यांचा आवाज ऐकलात ना शेवटी?”

काकू हसल्या, पण ते वाक्य त्यांच्या पोटात राहिलं. कदाचित मीही तोच काढला असता. घरी गेल्यावर ते दिव्यापाशी पुन्हा वर आलं. सगळ्यांच्या मनातून संशय काढायचा असेल, तर मी मरेपर्यंत कमरेची पिशवी उघडून दाखवत फिरायला हवं. तेवढा वेळ माझ्याकडे नाही, देवा, मला कपाटं झाडायचीत. मग जप पुढे सरकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू छत्र्यांच्या टेबलाकडे गेल्याच नाहीत. सरळ केबिनमध्ये गेल्या. भिंतीवर चौकटीच्या जागी फिकट रंगाचा चौकोन होता, आणि वरचा छोटा दिवा त्या चौकोनावर उजेड पाडत होता. शिपायाला दिवा बंद करायला सांगायचं राहून गेलं होतं.

साहेबांनी जुडगा पुढे केला. काकूंनी घेतला नाही.

“दुसरी किल्ली,” त्या म्हणाल्या. “फणीच्या कपाटाची. ती पाकिटात घालून, वर तुमची सही आणि माझी सही, आणि कुलूप असलेल्या कपाटात.”

“आता त्या कपाटात आहे काय?”

“काही नाही. पुढे येईल ते जाऊ नये म्हणून.”

साहेबांनी ड्रॉवर उघडला. मसाल्याचा वास आला. किल्ली तळाशी होती, तिच्या दात्यांत मसाला अडकला होता. काकूंनी ती फडक्याने पुसली, पाकीट बंद केलं, सह्या झाल्या. साहेबांनी पेन खाली ठेवलं नाही.

“चावीकाकू,” ते आवाज उतरवून म्हणाले, “पोलिसांचा फोन होता सकाळी. ड्रॉवरची चौकशी करायची आहे म्हणे. तुमचं काय मत? म्हणजे, माझ्याबद्दल.”

काकूंना उत्तर देताना फार गोड वाटत होतं, म्हणून त्यांनी आधी एक श्वास घेतला.

“साहेब, सिद्ध होईपर्यंत तुम्ही निर्दोष,” त्या म्हणाल्या. “तुमचा कुठे जमा नाही. तुमच्याकडेच आहे.”

आणि आता जुडगा घेऊन, तो कमरेला लावून त्या बाहेर पडल्या.

फणीच्या कपाटाकडे जाता जाता गाईडचा आवाज ऐकू आला. शाळेच्या मास्तरांचा एक घोळका त्याच्यापुढे उभा होता. काठी काचेवरून उठली आणि आज छत्र्यांच्या टेबलाकडे न वळता दुसऱ्या टोकाला, केबिनच्या बंद दाराकडे वळली.

“कपाट फुटलेलं नाही. किल्ली ड्रॉवरमध्ये होती, ड्रॉवरला कुलूप नव्हतं. कुणाच्या ड्रॉवरमध्ये, ते मी सांगत नाही. आपण आपलं समजून घ्यायचं.”

मास्तर समजून घेत होते. एकाने तर हातातली पिशवी काखेत घट्ट धरली. काकू थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. ऐकायला बरं वाटत होतं. आपल्याबद्दल सांगायचा तेव्हापेक्षा तो आता जास्त रंगवून सांगत होता. दोन श्वास त्यांनी स्वतःला दिले. मग त्या पुढे झाल्या, कपाट उघडलं, पितळी टाचण्या काढल्या आणि पाटी काढून गाईडच्या हातात दिली.

“हे सांगणं बंद,” त्या म्हणाल्या.

“अहो काकू, त्यांनी तुमचं काय काय केलं,” गाईड म्हणाला. त्याचा आवाज अगदी दुखावलेला होता. “मी तुमच्या बाजूने बोलतोय.”

“माझ्या बाजूने तू कोर्टात बोललास, चष्म्याचं घर असू शकतं म्हणून. तेवढं पुरे.”

“मग ते चोर नाहीत म्हणता?”

“मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. वाईट माणूस आहेत हे सांग हवं तर, त्याला पुरावा आहे.”

एक मास्तर हसला. गाईडने पाटी वळवून पाहिली, मागे काही लिहिलंय का म्हणून.

“मग लोकांना सांगू काय इथे?”

“राणीने फणीने केस विंचरले असतील, असं सांग.”

“ते ऐकायला कोण थांबतं?”

कुणी थांबलं नाहीच. मास्तरांचा घोळका तलवारींकडे सरकला, आणि गाईडही काठी घेऊन त्यांच्या मागे गेला. काकूंनी मऊ कुंचा काढला. मखमलीवर धूळ फार साचली नव्हती, तरी त्यांनी ती नेमाप्रमाणे कोपऱ्यापासून झाडली, फणीच्या आकाराच्या डागावरूनही हात फिरवला, आणि रिकाम्या कपाटाला कुलूप घातलं.